येळवस परदेशातल्या मुलांना कशी सांगावी: नऊ स्लाइड, एक कोप आणि भज्जी-आंबील

«आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे, सध्या न्यू जर्सीत. इथल्या मराठी मंडळाच्या इन्स्टाग्रामसाठी मुलांना वेळा अमावस्या, म्हणजे आपली येळवस, समजावणारं कॅरोसेल करायचं काम माझ्याकडं आलंय. मुलं सहा ते अकरा वर्षांची, मराठी बोलतात पण वाचतात अडखळत. गणपती-दिवाळीचं सगळं तयार मिळतं, येळवशीचं काहीच नाही. किती स्लाइड करू, त्यात काय लिहू? आणि शेत नाही, बाहेर बर्फ, अशा वेळी घरात नेमकं करायचं काय?»

ताई, आधी एक गोष्ट ठरवून टाका. ‘हार्वेस्ट फेस्टिव्हल’ हे शब्द तुमच्या कॅरोसेलमध्ये कुठंच येऊ देऊ नका. परदेशातल्या मंडळांच्या पोस्ट मी बघतो, त्यात आपला शेतीचा कोणताही सण असो, तो कापणीचाच करून टाकलेला असतो. येळवशीला तर काहीच कापलेलं नसतं. मार्गशीर्ष अमावस्येला आपल्याकडं रब्बीची ज्वारी पोटऱ्यात असते, म्हणजे कणीस अजून पानांच्या आत, किंवा नुकती निसवलेली असते. हरभऱ्याला घाटे धरत असतात, गहू हिरवागार असतो. रास व्हायला अजून महिना-दोन महिने असतात आणि तेवढ्यात ढग आले, किडा पडला, काहीही होऊ शकतं. पीक पदरात पडायच्या आधीच घरदार रानात जातं आणि रानाला जेवू घालतं. मोठी माणसं म्हणतात, काळ्या आईची ओटी भरायची, पोटुशी लेकीचे डोहाळे पुरवावेत तसे तिचे पुरवायचे. सहा वर्षांच्या पोराला यातलं इतकंच सांगायचं: शेताच्या पोटात दाणा वाढतोय, म्हणून आज शेताला जेवायला वाढायचं. कडब्याची कोप, ज्वारीची आंबील, दाण्यांची भज्जी, गवताचा पेटता हेंडगा हे सगळं या एका वाक्याला टांगा. ज्या गोष्टीचा त्या वाक्याशी संबंध लावता येत नाही ती स्लाइडवर घेऊ नका, कॅप्शनमध्ये जाऊ दे.

आता स्लाइड. इन्स्टाग्रामवर वीसपर्यंत टाकता येतात, पण मुलांसाठी नऊ पुष्कळ झाल्या. प्रत्येक स्लाइडवर दोनच मजकूर ठेवा: वर मोठ्या अक्षरात मुलासाठी एक-दोन वाक्यं, सगळी मिळून पंधरा-वीस शब्दांच्या आत. खाली बारीक अक्षरात आई-बाबांसाठी एक ओळ. मुलाचं वाक्य मोठ्यानं वाचून बघा. वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागला तर ते लांब झालं. इंग्रजी लागणारच असेल तर ते कॅप्शनमध्ये द्या. चित्रावर इंग्रजी आलं की मूल तेच वाचतं, मराठी ओळ नुसती शोभेला उरते.

पहिल्या स्लाइडवर ‘हार्दिक शुभेच्छा’ नको. रानातल्या कोपीचं चित्र आणि त्यावर ‘आज आपण शेताला जेवायला वाढणार!’ एवढंच. शेताला कसं वाढायचं, हा प्रश्न मुलाच्या डोक्यात तिथंच उभा राहतो आणि बोट पुढं सरकतं.

दुसरीवर लिहा: ‘आज लातूरच्या बाजारात शुकशुकाट आहे. सगळी माणसं गेली कुठं?’ हे अगदी खरं आहे, तुम्ही बघितलंच असेल. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात, दुकानं बंद असतात, शहरात संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. ज्यांना शेत नाही त्यांना शेजारी, मित्र, ऑफिसातले लोक आग्रहानं आपल्या रानात नेतात. बारीक ओळीत हे शेवटचं नक्की घ्या, कारण परदेशातल्या मुलालाही शेत नाहीच. शेत नसलेल्या माणसाला येळवशीत जागा आहे हे त्याला इथं कळतं. बीदर-कलबुर्गीकडंही हा सण असतो, तेव्हा ओळखीचं त्या भागातलं कन्नड कुटुंब असेल तर त्यांनाही सांगा.

तिसरी आणि चौथी स्लाइड हा या कॅरोसेलचा कणा. तिसरीवर ज्वारीचं ताट जवळून दाखवा: वरचं पान, त्याखाली फुगलेला पोटरा. मजकूर: ‘ही ज्वारी. कणीस अजून हिच्या पोटात आहे. हळूहळू बाहेर येईल.’ इथं चित्राची चूक हमखास होते. फोटोच्या वेबसाइटवर शोधलं की मका येतो, नाहीतर पंजाबातला पिवळाधमक गहू. ओळखायचं सोपं आहे: मक्याचं कणीस ताटाच्या कमरेला पानांत गुंडाळलेलं असतं, ज्वारीचं कणीस शेंड्यावर येतं. फोटोत कमरेला कणीस दिसलं की तो मका. पिकलेली, पांढऱ्या टपोऱ्या दाण्यांची ज्वारीही इथं चालणार नाही, ती फेब्रुवारीतली झाली. सगळ्यात बरं म्हणजे औशाच्या माणसांना फोन लावा आणि रानातला आजचा फोटो मागवा. उभा फोटो, सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर काढलेला. दुपारच्या उन्हात ज्वारीचा हिरवा रंग फटफटीत येतो.

चौथी स्लाइड बहुतेक कुणी करत नाही, आणि मुलांना हीच सगळ्यात जास्त आवडते. मजकूर असा: ‘पाऊस थांबून खूप दिवस झाले. तरी ज्वारी हिरवी! तिला पाणी कोण देतं?’ आणि खाली उत्तर: ‘काळी माती.’ आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यातलं पाणी धरून ठेवते. परतीचा पाऊस गेल्यावर त्या ओलीवर रब्बीची ज्वारी वाढते, बऱ्याच रानांत तिला वरून पाण्याचा थेंब मिळत नाही. मातीला आई का म्हणतात ते पोराला यातून समजतं, वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही. पालकांच्या ओळीत एक छोटा प्रयोग द्या: एका वाटीत वाळू, एका वाटीत कुंडीतली माती. दोन्हींत दोन-दोन चमचे पाणी घालायचं, दुसऱ्या दिवशी बोटानं चाचपून बघायचं. वाळू कोरडी झालेली असते, माती अजून ओलसर लागते. कुंडीची माती म्हणजे आपली काळी नव्हे, पण ओल धरणं म्हणजे काय ते हाताला कळतं.

पाचवी स्लाइड कोपीची आणि पांडवांची. रानात कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा होते. मजकूर: ‘शेतात आज एक छोटं घर. आत राहतात पाच पांडव.’ पांडवच का, याचं कारण स्लाइडवर देऊ नका. गावोगावी वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि तुम्ही एक छापलीत की निलंग्याचा कुणीतरी खाली येऊन दुसरी सांगणार. बारीक ओळीत ‘आजी-आजोबांना विचारा: आपले पांडव इथं कसे आले?’ एवढं टाका. प्रत्येक घरात आपापली गोष्ट निघेल.

सहावी आंबील शिंपायची. ‘शेताला पहिला घास. आंबील शिंपडा आणि जोरात ओरडा!’ ओरडायचं काय, तर ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’. हे शब्द गावागणिक थोडे बदलतात. काही ठिकाणी होलगे, काही ठिकाणी पलगे. म्हणून स्लाइडवर एकच रूप द्या आणि कॅप्शनमध्ये लिहा की तुमच्या गावात जे म्हणतात तेच म्हणा. या शब्दांचा अर्थ लावत बसू नका, मुलांना तो लागतही नाही. त्यांना घरात मोकळ्या गळ्यानं ओरडायला मिळालं, एवढ्यावर ती खूश असतात.

सातवी जेवणाची. इथं ताटाचा वरून काढलेला, पाच-सहा पदार्थांचा नटवलेला फोटो नको. भज्जीचं पातेलं जवळून दाखवा आणि विचारा: ‘भज्जीत किती दाणे सापडतात? तूर, हरभरा, वाटाणा, पावटा, शेंगदाणा... मोज!’ आठवी हेंडग्याची: संध्याकाळी गवताचा हेंडगा पेटवून पिकावरून ओवाळतात आणि घराकडं येतात. ‘अंधार पडला. उजेड दाखवून शेताला सांगा, आता आम्ही घरी जातो.’ नववी फक्त पालकांची: काय लागेल आणि कधी सुरुवात करायची. हीच स्लाइड लोक जपून ठेवतात, म्हणून ती चित्राशिवाय, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, स्वच्छ वाचता येईल अशी करा.

तारीख चित्रावर छापू नका, कॅप्शनमध्ये द्या. येळवस इंग्रजी महिन्यात खूप सरकते. 23 डिसेंबर 2022 ला होती, त्यानंतरची थेट 11 जानेवारी 2024 ला आली आणि पुढची 30 डिसेंबर 2024 ला. म्हणजे 2023 सालात येळवस आलीच नाही आणि 2024 सालात दोनदा आली. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यानं नंतरचे सगळे सण पुढं ढकलले. मोठ्या मुलांना हे कोडं म्हणून घाला, दहा-अकरा वर्षांची पोरं कॅलेंडर घेऊन बसतात. चित्रावर तारीख नसली तर हेच कॅरोसेल दरवर्षी वापरता येतं.

अक्षरांबद्दल थोडं, कारण मेहनत करून बिघडतं ते इथंच. मुक्ता किंवा बलू 2 असा युनिकोड फॉन्ट घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मोबाइलवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. शीर्षक रुंद दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह होतो, ते शून्यावरच ठेवा. मराठीत अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते आणि अडखळत वाचणाऱ्या पोराला शब्द कुठं संपला तेच कळत नाही. दोन ओळींतलं अंतर मात्र अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. पक्कं करण्याआधी ‘शेतकऱ्याच्या कोपीत पोटऱ्यातली ज्वारी’ एवढं टाइप करून बघा. ‘ऱ्या’ नीट जोडून आला नाही, र वेगळा आणि त्याखाली पाय मोडलेला दिसला, तर फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर बदला. आकार 1080 बाय 1350 पिक्सेल घेतलात तर मुलाची ओळ 64 च्या खाली आणि पालकांची 36 च्या खाली नेऊ नका.

आता घरातलं. शेत नाही म्हणून चित्राला नैवेद्य दाखवणारी घरं मी बघितली आहेत, पण मुलाला त्यात काही करायला मिळत नाही. त्याला खरं, उगवलेलं काहीतरी द्या. इंडियन स्टोअरमध्ये सालासकट काळे चणे मिळतात, तोच आपला हरभरा. येळवशीच्या तीन आठवडे आधी मूठभर रात्रभर भिजत घाला, सकाळी पसरट कुंडीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्यात बोटभर खोल, दोन-दोन बोटांवर लावा. खिडकीत सगळ्यात जास्त ऊन येतं तिथं ठेवा आणि माती वरून कोरडी दिसली तरच पाणी घाला. रोज पाणी ओतलं की हरभरा कुजतो, आंबूस वास आला की समजायचं. डिसेंबरच्या अंधुक उजेडात रोपं लांबट, लुळी होतील आणि खिडकीकडं कलतील. हरकत नाही, घाटे आपल्याला नकोच आहेत. उशीर झाला असेल तर गहू पेरा, दहा-बारा दिवसांत वितीएवढा होतो. ही कुंडी म्हणजे त्या घरातलं रान. ज्या मुलानं तीन आठवडे पाणी घातलंय, त्याला त्याच रोपाला जेवायला का वाढायचं हे विचारावं लागत नाही.

कोपीसाठी तुमच्याकडं एक सोय आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबरात हॅलोविनच्या सजावटीला तिथं मक्याची वाळलेली ताटं पेंढ्या बांधून विकायला असतात. कडब्याच्या जागी ती अगदी शोभतात. एक पेंढी घेऊन गॅरेजमध्ये उभी, कोरडी ठेवा. ओल लागली की काळी बुरशी येते, तशी आली तर घरात आणू नका. ताटं मुलाच्या कमरेएवढी कापून त्यांच्या पाच जुड्या करा, शेंडे एकत्र सुतळीनं बांधा, बुडं गोलात फाकवा. एक बाजू आत जायला मोकळी सोडा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पार्सलमधून येणारा तपकिरी कागद गुंडाळून नळ्या करायच्या, पंचवीस-तीस नळ्यांत टेबलावर मावेल अशी कोप होते. पांडवांसाठी मुलाला बाहेरून पाच दगड शोधायला लावा. बर्फ पडायच्या आधी शोधा, नंतर मिळत नाहीत. ते धुऊन तांदळाच्या पिठाची दाट पेज फासा आणि वाळल्यावर हळद-कुंकू लावा. एक नियम पक्का: पेटता दिवा कोपीच्या आत जाणार नाही. वाळलं ताट आणि कागद दोन्ही भडकन पेटतात. आत बॅटरीवरचा दिवा ठेवा, तेलाची पणती बाहेर हातभर लांब, ताटलीत.

आंबील आदल्या रात्री करायची. चार चमचे ज्वारीचं पीठ एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे सोडा आणि सारखं हलवत आठ-दहा मिनिटं शिजवा. पिठाचा कच्चा वास गेला आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसला की उतरवा. पूर्ण गार होऊ द्या. कोमट असतानाच ताक घातलं तर ते फाटतं आणि आंबील पाणी-चोथा होते. तिथलं कार्टनमधलं बटरमिल्क दाट आणि बऱ्याचदा खारट असतं, ते टाळा. दीड वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घालून घरीच घुसळा. ताक घालून आंबील ओट्यावर झाकून ठेवा, थंडीच्या घरात सकाळपर्यंत हलकी आंबट होते. आता विसरायचं नाही ते: मीठ, लसूण, जिरं घालायच्या आधी एक वाटी आंबील बाजूला काढा. शिंपायला तीच, पाणी घालून पातळ केलेली. मीठ घातलेली आंबील कुंडीत पडत राहिली तर चार दिवसांत रोपाच्या पानांची टोकं करपतात. रानात ते जिरून जातं, कुंडीत जिरत नाही. उरलेल्या आंबिलीत ठेचलेला ओला लसूण, जिरेपूड, मीठ आणि कोथिंबीर. ओला लसूण नसेल तर हिरवी पात आणि दोन पाकळ्या साधा लसूण.

भज्जीचे दाणे तुम्हाला गुजराती मालाच्या फ्रीजरमध्ये सापडतील. तुरीच्या ओल्या दाण्यांच्या पाकिटावर ‘तुवेर लीलवा’ लिहिलेलं असतं, पावट्याच्या जवळचे ‘पापडी लीलवा’, आणि ओला हरभरा ‘हरा चना’ म्हणून. चार-पाच माणसांना मिळून हे तिन्ही दाणे अर्धी-अर्धी वाटी, वाटाणा अर्धी वाटी, शेंगदाणे पाव वाटी, मेथीची एक जुडी, थोडा पालक, एक गाजर, दोन लहान वांगी. हरभरा आणि शेंगदाणे आधी दहा मिनिटं उकडा, मग तूर आणि पावटा घालून आणखी दहा मिनिटं, वाटाणा सगळ्यात शेवटी. सगळं एकदम टाकलं तर वाटाण्याचा लगदा होतो आणि हरभरा कच्चाच राहतो, मग सातव्या स्लाइडवरचा मोजायचा खेळ गेला. तेलात मोहरी, जिरं, लसूण, हिरवी मिरची, हळद, मग भाज्या, मग उकडलेले दाणे. पाऊण वाटी बेसन चार वाट्या गार ताकात कालवून मग पातेल्यात ओता आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. बेसन ताकात आधी मिसळलेलं असलं की ताक फाटत नाही. ताक नको असेल तर बेसन पाण्यात कालवून शेवटी चिंचेचा कोळ घाला, पण दोन्ही नको. मंद आचेवर पंधरा मिनिटं, पिठल्यापेक्षा जराशी सैल. मुलांच्या वाट्याची भज्जी मिरची घालायच्या आधी वेगळी काढता येत नाही, म्हणून मिरच्या अख्ख्या, मधे चीर देऊन टाका आणि वाढताना बाजूला करा.

उंडे मुलांनीच करायचे. दोन वाट्या बाजरीच्या पिठात मीठ आणि चमचाभर तीळ, सव्वा वाटी उकळतं पाणी घालून चमच्यानं ढवळा, हाताला सोसेल इतपत गार झालं की मळा. ओल्या हातानं लिंबाएवढे गोळे आणि इडलीपात्रात वीस मिनिटं वाफ. उंड्याला भेगा पडल्या तर पाणी कमी पडलंय, आणखी दोन चमचे शिंपडून पुन्हा मळायचं. पुरणपोळी, खीर, धपाटे हे सगळं पहिल्याच वर्षी करायला गेलात तर स्वयंपाकातच दिवस जाईल आणि पोरं टीव्हीसमोर बसतील. भज्जी, आंबील, उंडे. बस.

दिवस कसा बसवायचा ते एका उदाहरणावर सांगतो. 11 जानेवारी 2024 ची येळवस गुरुवारी होती, तिथं शाळा-ऑफिस दोन्ही चालू. अशा वर्षी सण दोन तुकड्यांत करा. न्यू जर्सीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. औशात दुपारी बाराला पंगत बसते तेव्हा तुमच्याकडं रात्रीचा दीड, त्यामुळं जेवणाचा व्हिडिओ कॉल विसरा. पण रानात संध्याकाळी साडेसहाला, दिवस मावळल्यावर हेंडगा फिरतो, तेव्हा तुमच्याकडं सकाळचे आठ. दूध पिता पिता मूल लाइव्ह हेंडगा बघू शकतं. शाळेची बस त्याआधी असेल तर आजोबांना कोपीचा आणि पूजेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दुपारीच पाठवायला सांगा, मूल उठेपर्यंत तो आलेला असतो. त्याच गुरुवारी संध्याकाळी शाळेतून आल्यावर कोपीसमोर पूजा, कुंडीभोवती एक फेरी, मेथीच्या काडीनं बाजूला काढलेली आंबील शिंपणं, ओरडणं आणि टॉर्चवर केशरी कागद लावून केलेला हेंडगा. घरात खरा पेटवायचा नाही, धुराचा अलार्म वाजून सगळी बिल्डिंग खाली येईल. भज्जीचं जेवण आणि शेजारच्यांना, शाळेतल्या मित्राला बोलावणं शनिवारी. अमावस्या टळून गेली असं घरातलं कुणी म्हणालं तर शिंपणं आणि पूजा गावाकडच्या येळवशीच्या तारखेलाच झालीय, हे सांगून मोकळं व्हा. 30 डिसेंबर 2024 सारखी नाताळच्या सुट्टीत आली तर अर्थात सगळं एकाच दिवशी.

टाकायच्या आधी कॅरोसेल मंडळातल्या एका मुलाला दाखवा, तुमच्या स्वतःच्या नको, त्याला घरात ऐकून माहीत झालेलं असतं. नऊही स्लाइड वाचून झाल्या की एकच प्रश्न विचारा: आज कुणाला जेवायला वाढायचं? ‘देवाला’ असं उत्तर आलं तर पाचवी स्लाइड फार मोठी झाली आणि तिसरी-चौथी फिकी पडली. तिथं ज्वारीचं चित्र मोठं करा आणि पांडवांचं लहान. ‘पाहुण्यांना’ म्हणालं तर सातवीवर ताट जास्त सजलंय. ‘शेताला’ आलं की टाकून द्या.

आणि मंडळाच्या इन्स्टाग्रामवर गेलं तरी खरं फिरणार ते घराघरांतल्या व्हॉट्सॲपवर. तिथं नऊ चित्रं सुटी होतात आणि आज्या त्यातली आवडलेली एखादीच पुढं पाठवतात. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ‘येळवस 4/9’ असा आकडा छोटा टाका. व्हॉट्सॲपसाठी नऊही स्लाइडची एक पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की तो दाबला जातो, आणि नवव्या स्लाइडवरची साहित्याची बारीक यादी आजीच्या फोनवर वाचताच येत नाही.